एकच काच, दोन नोंदी

एका बाईंकडे उजव्या डोळ्याच्या नंबरच्या दोन चिठ्ठ्या आहेत, असं समजू. पहिली चष्म्याच्या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्टने दिलेली. तिच्यावर लिहिलंय: −१.०० / −१.५० × १८०. दुसरी आठवड्याभराने नेत्रतज्ज्ञांनी तपासून दिलेली. तिच्यावर आहे: −२.५० / +१.५० × ९०. पहिला आकडा अडीचपट झाला, दुसऱ्याचं उण्याचं अधिक झालं आणि तिसरा १८० वरून ९० वर आला. तिन्ही रकान्यांतला एकही आकडा जुळत नाही, म्हणजे दोघांपैकी कुणाचं तरी चुकलं असणार, असं कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात दोघांचंही बरोबर आहे. या दोन चिठ्ठ्यांवरून दोन वेगवेगळ्या दुकानांत काचा बनवल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून मोजल्या, तर दोन्हींची शक्ती प्रत्येक दिशेत सारखीच भरेल. पहिली नोंद ‘उणे सिलिंडर’ पद्धतीची आहे आणि दुसरी ‘अधिक सिलिंडर’ पद्धतीची. एका पद्धतीतली नोंद दुसरीत लिहिण्याच्या क्रियेला ट्रान्सपोझिशन म्हणतात. ती करायला एक बेरीज, एक चिन्ह आणि एक काटकोन एवढंच लागतं. यांतलं एक जरी राहून गेलं, तर डोळ्यासमोर भलतीच काच येते. म्हणून ही क्रिया पाठ करण्याआधी ती का चालते हे समजून घ्यायला हवं.

तीन आकडे काय सांगतात

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, सर्व दिशांनी सारखी गोलाई असेल तर एका बिंदूतून आलेला प्रकाश डोळ्यात पुन्हा एका बिंदूत गोळा होतो. तो बिंदू दृष्टिपटलाच्या पुढे किंवा मागे पडत असेल, तर सगळ्या दिशांनी सारखीच शक्ती असलेली साधी गोलाकार काच तो जागेवर आणते. ही शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. काचेचं नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन एकाला त्याने भागलं की डायॉप्टर मिळतात. चिठ्ठीवरचा पहिला आकडा हाच. त्याला ‘स्फेरिकल’ किंवा नुसतं ‘स्फेअर’ म्हणतात.

पण पुष्कळांचा कॉर्निया असा सर्व बाजूंनी सारखा नसतो. एका दिशेत तो अधिक वक्र असतो आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत कमी. मग प्रकाश एका बिंदूत जमत नाही. अधिक वक्र दिशेतले किरण आधी एकत्र येतात, कमी वक्र दिशेतले नंतर. हा दोष म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम. दवाखान्यात बोलताना लोक त्यालाच ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतात. अशा डोळ्याला दोन दिशांत दोन वेगळ्या शक्तींची काच लागते.

ती काच सिलिंडरच्या, म्हणजे दंडगोलाच्या, पृष्ठभागाने साधते. काचेची गोल दांडी उभी धरून तिचा लांबट काप काढला, तर त्या कापाला आडव्या दिशेत वक्रता असते आणि दांडीच्या लांबीच्या दिशेत मुळीच नसते. ज्या दिशेत शक्ती शून्य असते ती त्या सिलिंडरची अ‍ॅक्सिस. पूर्ण शक्ती तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेत असते. चिठ्ठी वाचताना बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘−१.५० × १८०’ म्हणजे १८० अंशांच्या दिशेत दीड डायॉप्टर नव्हे. १८० च्या दिशेत हा सिलिंडर काहीच करत नाही, त्याचे दीड डायॉप्टर ९० च्या दिशेत काम करतात.

अंश मोजण्याची रीत दोन्ही डोळ्यांसाठी एकच आहे. तपासणारा माणूस रुग्णासमोर बसलेला असतो. त्याच्या उजव्या हाताला शून्य, वर ९० आणि डाव्या हाताला १८०. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजायचं. आडवी रेघ शून्य अंशाचीही असते आणि १८० अंशांचीही, म्हणून चिठ्ठीवर शून्य न लिहिता १८० लिहितात. अर्थात दिशेला पुढचं-मागचं टोक नसल्यामुळे १८० च्या पुढे जाण्याची गरजच पडत नाही.

दोन्ही चिठ्ठ्या उलगडून पाहू

आता पहिली चिठ्ठी घेऊ: −१.०० / −१.५० × १८०. स्फेअर −१.०० आहे, ते सर्व दिशांना लागू. आडव्या दिशेत, म्हणजे १८० वर, सिलिंडर गप्प आहे. तिथे एकूण शक्ती −१.०० च राहते. उभ्या दिशेत, म्हणजे ९० वर, सिलिंडरचे −१.५० त्यात मिळतात आणि एकूण −२.५० होते.

दुसरी चिठ्ठी: −२.५० / +१.५० × ९०. इथे अ‍ॅक्सिस उभी आहे, म्हणून उभ्या दिशेत फक्त स्फेअरचे −२.५० राहतात. आडव्या दिशेत +१.५० मिळून −१.०० होतात.

दोन्हींचं उत्तर एकच आलं: आडवे −१.००, उभे −२.५०. डोळ्याला काचेकडून हव्या असलेल्या गोष्टी इतक्याच आहेत, दोन दिशांतल्या दोन शक्ती. तपासणीच्या वहीत हे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघांवर लिहितात. त्या आकृतीला पॉवर क्रॉस म्हणतात. चिठ्ठीवरचे तीन आकडे म्हणजे हा क्रॉस एका ओळीत मांडण्याची सोय. एका घाटाला दोनच पायऱ्या असाव्यात, वरच्या पायरीवर उभं राहून ‘इथून इतकं खाली’ म्हणावं किंवा खालच्या पायरीवरून ‘इथून इतकं वर’ म्हणावं, तसं हे आहे. पहिल्या चिठ्ठीने −१.०० पासून सुरुवात करून दीड डायॉप्टर खाली उतरून दाखवलं, दुसरीने −२.५० पासून सुरुवात करून दीड डायॉप्टर वर चढून दाखवलं.

मग मधल्या तिरक्या दिशांचं काय, असा प्रश्न चोखंदळ वाचकाला पडेल. दोन मुख्य दिशांत मेळ बसला म्हणून ४५ किंवा २० अंशांवर बसेलच कशावरून? बसतो, आणि त्याचं कारण शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे. अ‍ॅक्सिसपासून जसजसं दूर जावं तसतशी सिलिंडरची शक्ती त्या कोनाच्या साइनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अ‍ॅक्सिस काटकोनात फिरवली की साइनच्या जागी कोसाइन येतो. साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग यांची बेरीज नेहमीच एक असते, म्हणून एका नोंदीत सिलिंडरचा जितका भाग मिळवला जातो, नेमका तितका हिशोब दुसऱ्या नोंदीत उलट बाजूने पुरा होतो. ४५ अंशांवर ताडून पाहा. तिथे सिलिंडरची निम्मी शक्ती लागू होते. पहिल्या चिठ्ठीत −१.०० मध्ये −०.७५ मिळवून −१.७५, दुसरीत −२.५० मध्ये +०.७५ मिळवूनही −१.७५.

नियमाच्या तीन पायऱ्या

इतकं समजल्यावर ट्रान्सपोझिशनचा नियम पाठ करावा लागत नाही, आपोआप हाती येतो.

पहिली पायरी: स्फेअर आणि सिलिंडर यांची चिन्हांसकट बेरीज करा. तेच नवं स्फेअर. ही बेरीज म्हणजे क्रॉसवरची दुसरी शक्ती. आता तिच्यापासून मोजायचं आहे, म्हणून ती पहिल्या रकान्यात येते.

दुसरी पायरी: सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह बदला. दोन शक्तींमधलं अंतर बदललेलं नाही, ते मोजण्याची दिशा उलटली आहे.

तिसरी पायरी: अ‍ॅक्सिस ९० अंशांनी फिरवा. आधीचा आकडा ९० किंवा त्याहून कमी असेल तर ९० मिळवा, जास्त असेल तर ९० वजा करा. १० चे १०० होतात, १३५ चे ४५, १८० चे ९०. ज्या दिशेत आता नुसतं स्फेअर उरलं आहे, ती पूर्वीच्या अ‍ॅक्सिसशी काटकोनात असल्यामुळे ही फिरवाफिरव करावी लागते.

तीन पायऱ्या पुन्हा एकदा केल्या की मूळ नोंद परत मिळते. केलेलं काम तपासण्याचा हा सोपा मार्ग आहे.

काही नंबरांच्या बाबतीत ट्रान्सपोझिशननंतरचं रूप फारच परकं वाटतं. +०.५० / −१.२५ × १७० ही नोंद घ्या. बेरीज −०.७५, सिलिंडर +१.२५, अ‍ॅक्सिस ८०. म्हणजे −०.७५ / +१.२५ × ८०. पहिल्या रकान्यातलं अधिक चिन्ह पाहून ‘माझा नंबर प्लसचा आहे’ असं समजणाऱ्याला दुसऱ्या चिठ्ठीवर मायनस दिसतो. खरं तर या डोळ्याला एका दिशेत अधिक शक्ती लागते आणि दुसऱ्या दिशेत उणी. त्याला मिश्र अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. ‘प्लसचा की मायनसचा’ हा प्रश्नच या डोळ्याला लागू पडत नाही, कारण तो दोन्हींचा आहे. तसंच ज्याच्या स्फेअरच्या रकान्यात ‘प्लेनो’, म्हणजे शून्य, लिहिलेलं आहे आणि पुढे −०.७५ × ९० आहे, त्याची अधिक सिलिंडरमधली नोंद −०.७५ / +०.७५ × १८० अशी होते. कोऱ्या रकान्यात अचानक नंबर उगवतो, पण डोळ्यात काहीच बदललेलं नसतं.

चाळिशीनंतर लागणारा जवळचा नंबर, चिठ्ठीवर ‘ॲड’ म्हणून लिहिलेला, ट्रान्सपोझिशनमध्ये मुळीच बदलत नाही. तो सर्व दिशांना सारखा मिळवायचा असतो. आपल्या उदाहरणातल्या बाईंना +२.०० चा ॲड असेल, तर जवळच्या काचेची नोंद पहिल्या पद्धतीने +१.०० / −१.५० × १८० आणि दुसऱ्या पद्धतीने −०.५० / +१.५० × ९० अशी होईल. दोन्ही पुन्हा एकच.

दोन पद्धती टिकल्या कशा

अ‍ॅस्टिग्मॅटिझमचं पहिलं नेमकं वर्णन थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये आपल्याच डोळ्याच्या अभ्यासातून केलं. त्यावर काच बनवून घेण्याचं श्रेय जॉर्ज बिडेल एअरी या ब्रिटिश गणिती-खगोलशास्त्रज्ञाला जातं. त्यांच्या डाव्या डोळ्यात हा दोष होता. काचेची एक बाजू गोलाकार अंतर्वक्र आणि दुसरी दंडगोलाकार अंतर्वक्र अशी रचना त्यांनी गणित करून ठरवली आणि १८२५ मध्ये त्याबद्दल केंब्रिजमध्ये निबंध वाचला. आजच्या भाषेत ती उण्या स्फेअरची आणि उण्या सिलिंडरची काच होती. पण अधिक सिलिंडरची काचही तितकीच सहज घासता येते. तपासणीच्या लाकडी पेटीत, म्हणजे ट्रायल सेटमध्ये, दोन्ही चिन्हांचे सिलिंडर पूर्वीपासून असतात. त्यामुळे कोणती सवय लागायची ते शिकवणाऱ्यावर आणि कामावर अवलंबून राहिलं.

उणे सिलिंडर आवडण्यामागे डोळ्याचा एक स्वभाव आहे. डोळ्यातलं भिंग स्नायूंच्या मदतीने स्वतःची शक्ती वाढवू शकतं, पण विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा ती कमी करू शकत नाही. म्हणून तपासताना आधी थोडी जास्तीची अधिक शक्ती देऊन चित्र दृष्टिपटलाच्या पुढे आणतात. आता डोळ्याने जोर लावला तर चित्र आणखी पुढे सरकेल आणि जास्त धूसर होईल, म्हणून तो जोर लावत नाही. मग उणे सिलिंडर देत देत आधी एकत्र येणारे किरण मागे, नंतर एकत्र येणाऱ्या किरणांपाशी आणतात. हे सगळं होत असताना डोळा शांत राहतो. तरुण, जोर लावू शकणाऱ्या डोळ्यांसाठी ही रीत फार सोयीची असल्यामुळे ऑप्टोमेट्रिस्टांमध्ये ती रुजली. काच बनवणाऱ्यांनाही तीच जवळची आहे. आजच्या चष्म्याच्या काचांची पुढची बाजू साधारणपणे गोलाकार ठेवतात आणि दोन दिशांचा फरक डोळ्याकडच्या, आतल्या बाजूवर घासतात. आतल्या बाजूवरचा हा फरक उण्या सिलिंडरच्या रूपात येतो. अ‍ॅस्टिग्मॅटिझमसाठीच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीवरही उणा सिलिंडरच छापलेला असतो.

अधिक सिलिंडरची बाजू शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून येते. अधिक सिलिंडरची अ‍ॅक्सिस कॉर्नियाच्या अधिक वक्र दिशेवर पडते, कारण अधिक शक्तीची गरज कमी वक्र दिशेत असते आणि अ‍ॅक्सिस तिच्याशी काटकोनात असते. कॉर्निया बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, किंवा मोतीबिंदूच्या मोठा छेद घेऊन टाके घातलेल्या शस्त्रक्रियेनंतर, एखादा टाका घट्ट बसला तर त्या दिशेत कॉर्निया जास्त वक्र होतो. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर +३.०० × ९० असेल, तर डॉक्टर थेट घड्याळातल्या बाराच्या किंवा सहाच्या जागेचा टाका पाहतात. उणे सिलिंडरमध्ये हीच नोंद × १८० अशी दिसेल आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी मनात काटकोन फिरवावा लागेल. टाका सैल करताना चुकीच्या जागी हात जाऊ नये म्हणून अनेकांना सरळ वाचता येणारी नोंद हवी असते. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांमध्ये अधिक सिलिंडरची आणि ऑप्टोमेट्रिस्टांमध्ये उणे सिलिंडरची परंपरा ठळकपणे दिसते. आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या हातात पडतात. ज्याला लोक ‘कॉम्प्युटरवर नंबर काढणं’ म्हणतात त्या ऑटोरिफ्रॅक्टोमीटरमध्येही सिलिंडर उणा छापायचा की अधिक, हे निवडण्याची सोय असते. त्यामुळे यंत्राची सेटिंग बदलली तरी छापील पट्टीवरचे तिन्ही आकडे बदलतात.

तयार चष्मा मोजणारं लेन्सोमीटर यंत्र या बाबतीत अगदी तटस्थ असतं. त्याची चकती फिरवली की आधी एका दिशेच्या रेघा स्पष्ट होतात, पुढे फिरवली की तिच्या काटकोनातल्या. आपल्या उदाहरणातल्या काचेवर एकदा −१.०० वर आणि एकदा −२.५० वर रेघा स्पष्ट होतील. मोजणारा −१.०० ला स्फेअर म्हणाला तर उण्याची नोंद होते, −२.५० ला म्हणाला तर अधिकची.

अर्धवट ट्रान्सपोझिशन

खरा धोका पद्धती दोन असण्यात नाही, तीन पायऱ्यांतली एखादी गळण्यात आहे. घाईत हाताने आकडे उतरवताना हे होऊ शकतं. तिन्ही चुकांचे परिणाम वेगवेगळे असतात. आपल्याच उदाहरणावर ते पाहू. डोळ्याला हवं आहे आडवं −१.०० आणि उभं −२.५०.

पहिली चूक, स्फेअर बदलायचंच राहिलं. नोंद झाली −१.०० / +१.५० × ९०. या काचेत उभ्या दिशेत −१.०० आणि आडव्या दिशेत +०.५० मिळतात. दोन्ही दिशांत काच सारखीच, +१.५० ने जास्त अधिक आहे. म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम बरोबर सुटला, पण डोळा दीड डायॉप्टरच्या मायनसवाल्यासारखा झाला. लांबच्या पाट्या, बसचा फलक सगळ्या बाजूंनी सारखे धूसर दिसतील. साधारण दोन फुटांवरचं मात्र जोर न लावता स्वच्छ दिसेल.

दुसरी चूक, सिलिंडरचं चिन्ह बदललं नाही. नोंद झाली −२.५० / −१.५० × ९०. उभ्या दिशेत −२.५०, अगदी बरोबर. आडव्या दिशेत मात्र −४.००, म्हणजे हव्या त्याहून −३.०० जास्त. तरुण डोळा जोर लावून आडवी दिशा सुधारू पाहील, पण भिंग सर्व दिशांना सारखाच जोर लावतं, म्हणून तसं करताना उभी दिशा बिघडेल. स्पष्टतेसाठी डोळा सतत धडपडत राहतो आणि डोकं दुखायला लागतं.

तिसरी चूक, अ‍ॅक्सिस फिरवलीच नाही. नोंद झाली −२.५० / +१.५० × १८०. आडव्या दिशेत −२.५०, उभ्या दिशेत −१.००. हवं होतं त्याच्या अगदी उलट. आडव्या दिशेत −१.५० ची आणि उभ्या दिशेत +१.५० ची चूक मिळून तीन डायॉप्टरचा अ‍ॅस्टिग्मॅटिझम शिल्लक राहतो. या डोळ्याचा मूळ दोष दीड डायॉप्टरचा होता. म्हणजे चष्मा लावल्यावर तो बरोबर दुप्पट झाला. कोनाच्या चुकीचा हा हिशोब नेहमीच असा कडक असतो. अ‍ॅक्सिस १० अंशांनी चुकली तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो, ३० अंशांनी चुकली तर पूर्ण सिलिंडरइतका, आणि ९० अंशांनी चुकली तर दुप्पट.

या चुका कागदावरच पकडण्यासाठी एक चाचणी आहे. स्फेअरमध्ये सिलिंडरचा अर्धा भाग चिन्हासकट मिळवा. येणाऱ्या आकड्याला स्फेरिकल इक्विव्हॅलंट म्हणतात, तो काचेच्या दोन मुख्य शक्तींची सरासरी असतो. ट्रान्सपोझिशन बरोबर असेल तर तो बदलता कामा नये. पहिल्या चिठ्ठीचा येतो −१.७५, दुसरीचाही −१.७५. पहिली चूक केली तर तो −०.२५ येतो, दुसरी केली तर −३.२५. दोन्ही लगेच उघड्या पडतात. पण तिसऱ्या चुकीत तो −१.७५ च येतो, कारण या सरासरीत अ‍ॅक्सिसचा संबंधच नाही. म्हणजे इतकी त्रासदायक चूक या चाचणीतून सहीसलामत सुटते. म्हणून सरासरी जुळली तरी दोन अ‍ॅक्सिसमध्ये बरोबर ९० चा फरक आहे का, हे वेगळं पाहावंच लागतं. सिलिंडरचं चिन्ह बदललेलं असताना अ‍ॅक्सिस मात्र तीच दिसली, तर चिठ्ठीवर बोट ठेवून विचारायला हवं.

जुनी चिठ्ठी, नवी चिठ्ठी

ट्रान्सपोझिशनचा रोजचा उपयोग तुलनेसाठी होतो. वर्षभराने त्याच बाईंची तपासणी झाली आणि नवी चिठ्ठी आली: −२.७५ / +१.७५ × ९०. घरात असलेली जुनी दुकानातली चिठ्ठी −१.०० / −१.५० × १८० आहे. नुसतं पाहिलं तर नंबर पावणेदोन डायॉप्टरने वाढल्यासारखा वाटतो. नवी चिठ्ठी उण्या पद्धतीत लिहून पाहू. बेरीज −१.००, सिलिंडर −१.७५, अ‍ॅक्सिस १८०. आता दोन ओळी एकाखाली एक आल्या: −१.०० / −१.५० × १८० आणि −१.०० / −१.७५ × १८०. वर्षभरात झालेला खरा बदल सिलिंडरमध्ये पाव डायॉप्टर आहे, म्हणजे चष्म्याच्या नंबरात साधारणपणे वापरली जाणारी सर्वांत लहान पायरी.

उलटही घडू शकतं. नवी चिठ्ठी −२.५० / +१.५० × ७० अशी आली, तर ती −१.०० / −१.५० × १६० होते. दोन्ही आकडे जुन्याशी जुळले, पण अ‍ॅक्सिस २० अंशांनी हलली आहे. ट्रान्सपोझिशन अ‍ॅक्सिस फक्त ९० अंशांनीच हलवतं, त्यामुळे उरलेले २० अंश लिहिण्याच्या पद्धतीमुळे आलेले नाहीत. हा बदल खरा आहे, किंवा दोनपैकी एका तपासणीत फरक पडला आहे. दीड डायॉप्टरच्या सिलिंडरला २० अंशांचा फरक डोळ्याला चांगलाच जाणवतो, म्हणून काच घासायला देण्यापूर्वी पुन्हा तपासून घेण्याचं हे पुरेसं कारण आहे. ट्रान्सपोझिशन इतकंच करू शकतं. दोन नोंदी एकाच काचेच्या आहेत की नाहीत हे ते ठामपणे सांगतं, पण ती काच डोळ्याला योग्य आहे का, हे त्यातून कळत नाही. ते तक्त्यासमोर बसूनच कळतं.

दुकानात चिठ्ठी देताना ती आहे तशीच द्यावी, घरी बदलून दुसऱ्या कागदावर उतरवू नये. काच बनवणारे लागेल तेव्हा स्वतः ट्रान्सपोझिशन करतात, आणि प्रत्येक उतरवणीबरोबर एखादं चिन्ह किंवा काटकोन गळण्याची शक्यता वाढते. फोनवरून नंबर सांगायची वेळ आली तर ‘दीड सिलिंडर’ एवढ्यावर थांबू नये. चिन्ह आणि अ‍ॅक्सिस दोन्ही सांगावेत, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. आणि नवा चष्मा हातात आल्यावर दुकानातच लेन्सोमीटरवर तो मोजून घ्यावा. यंत्रावरचे आकडे चिठ्ठीपेक्षा वेगळे दिसले तर घाबरण्याआधी तिथेच तीन पायऱ्या कराव्यात: बेरीज, चिन्ह, काटकोन. तिन्ही जुळल्या तर चष्मा बरोबर आहे. तिन्हींपैकी एक जुळली नाही तर तो परत करावा.